व्हॉट्सॲपवर शेकडो लोकांना एकदम मेसेज टाकला आणि नंबरच बंद पडला, असं का होतं?

दर महिन्याला एक बातमी येते, व्हॉट्सॲपने भारतात इतके लाख अकाउंट बंद केले. लोक वाचतात आणि पुढे सरकवतात, कारण वाटतं हे सगळे फ्रॉड करणारे असणार, आपला काय संबंध. ही बातमी येते कशी तर २०२१ च्या आयटी नियमांमुळे मोठ्या कंपन्यांना दर महिन्याला रिपोर्ट काढावा लागतो. पहिल्याच रिपोर्टमध्ये, म्हणजे १५ मे ते १५ जून २०२१ या एका महिन्याचा हिशोब, भारतातले जवळपास २० लाख अकाउंट बंद झाले होते आणि कंपनीचं म्हणणं होतं की त्यातले ९५ टक्क्यांहून जास्त हे एकगठ्ठा किंवा मशीनने मेसेज पाठवल्यामुळे. त्यात फ्रॉडवाले असतातच, भरपूर असतात, पण साधीसुधी माणसंही असतात. क्लास चालवणारे, डबे देणारे, मंडळाची वर्गणी मागणारे, घरी फराळ करून विकणाऱ्या बायका. इंदूरात माझ्या ओळखीतच दर दिवाळीच्या आधी कोणाचं ना कोणाचं हे होतं म्हणून एकदा नीट लिहितोय.

इथे मी फक्त व्हॉट्सॲपचंच बोलणार आहे कारण आपल्याकडे धंदा त्याच्यावरच चालतो.

## सुदामा नगरच्या काकूंचं काय झालं

सुदामा नगरात एक काकू आहेत, वर्षानुवर्षं दिवाळीला चकली, अनारसे, करंज्या, भाजणीचं पीठ देतात. सगळ्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर. नंबर जुना, सात-आठ वर्षांचा, प्रोफाइलला फोटो, सगळं व्यवस्थित. गेल्या वर्षी भाच्याने सांगितलं काकू तुम्ही एकेकाला कशाला टाइप करताय, मी एकदम सगळ्यांना टाकून देतो. त्याने ब्राउझरमध्ये एक एक्स्टेन्शन टाकलं, म्हणजे क्रोममध्ये वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम, जो व्हॉट्सॲप वेब उघडून माणसाच्या ऐवजी स्वतःच नंबर टाकतो, मेसेज चिकटवतो आणि पाठवतो. यादी एक्सेलमध्ये केली. काकूंचे जुने गिऱ्हाईक होते साधारण दोनशे. भाच्याने त्यात सोसायटीच्या डिरेक्टरीतले नंबर टाकले, एका गणेश मंडळाच्या वर्गणीच्या यादीतले टाकले, एका लग्नाच्या ग्रुपमधले सगळे सदस्य उतरवून घेतले, आणि यादी झाली सहाशेच्या वर.

रात्री साडेनऊला सुरू केलं. सगळ्यांना एकच मेसेज, एकच रेटकार्डचा फोटो. दोन मेसेजमध्ये तीन सेकंदांचं अंतर. अर्ध्या यादीच्या आसपास पोचले असतील तेवढ्यात कॉम्प्युटरवरचं व्हॉट्सॲप लॉगआउट झालं, फोनवर उघडून बघितलं तर This account is not allowed to use WhatsApp. नवरात्र चालू होतं, ऑर्डरी यायला सुरुवात झालेली, आणि ज्यांनी आधीच ऑर्डर दिली होती त्यांचे मेसेजही त्याच फोनमध्ये अडकले.

काकूंचा पहिला प्रश्न हाच होता की मी काय वाईट लिहिलं होतं? चकलीचे भाव लिहिले होते ना. आणि सगळा घोळ इथेच आहे, कारण त्यांनी काय लिहिलं होतं याचा ह्या सगळ्याशी जवळजवळ काही संबंधच नव्हता.

## मेसेज तर कोणी वाचू शकत नाही म्हणतात, मग कळतं कसं?

बरोबर आहे, मेसेज एन्क्रिप्टेड असतात, म्हणजे पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूप लागतं आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतं, मधे कंपनीलाही आतलं दिसत नाही. पण सोसायटीच्या गेटवरच्या चौकीदाराचा विचार करा. तुम्ही कोणाच्या दारात जाऊन काय बोललात ते त्याला ऐकू येत नाही. पण एक अनोळखी माणूस आत शिरला, पाच मिनिटांत चाळीस फ्लॅटच्या बेल वाजवल्या, कोणी दार उघडून आत घेतलं नाही, आणि तिघांनी इंटरकॉमवर तक्रार केली, हे सगळं त्याला न ऐकता दिसतं. व्हॉट्सॲपचं मशीन तेच बघतं. किती मेसेज गेले, किती वेगाने गेले, किती अनोळखी नंबरांना गेले, उलट किती उत्तरं आली, किती जणांनी ब्लॉक केलं.

हे काही मी अंदाजाने सांगत नाहीये. फेब्रुवारी २०१९ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या आधी, व्हॉट्सॲपने स्वतःच एक पेपर काढून आपण हे कसं पकडतो ते थोडंफार सांगितलं होतं. त्यातली दोन उदाहरणं फार बोलकी आहेत. एक म्हणजे, पाच मिनिटांपूर्वी सुरू झालेल्या अकाउंटने पंधरा सेकंदांत शंभर मेसेज पाठवायचा प्रयत्न केला तर ते अकाउंट जवळजवळ नक्कीच गैरवापराचं. दुसरं मला जास्त आवडतं. आपण टाइप करतो तेव्हा समोरच्याला वर typing... दिसतं. एखादं अकाउंट धडाधड मेसेज सोडतंय आणि टाइप केल्याची ही खूणच कधी उमटत नाही, तर तोही मशीनचा संशय. म्हणजे आतले शब्द न वाचता, बोटं हलली की नाही एवढ्यावरून.

त्याच पेपरमध्ये पकडायच्या तीन जागा सांगितल्या होत्या. नंबर रजिस्टर करताना, मेसेज पाठवताना, आणि लोकांची नाराजी आल्यावर, म्हणजे ब्लॉक आणि रिपोर्ट. तेव्हा ते जगभरात महिन्याला साधारण २० लाख अकाउंट बंद करत होते आणि त्यातल्या ७५ टक्क्यांहून जास्त अकाउंटवर नुकती कोणाची तक्रारही आलेली नव्हती. म्हणजे कोणीतरी चुगली केली म्हणूनच बंद होतं असं नाही, मशीन आधीच पकडतं.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. कोणी तुम्हाला रिपोर्ट केलं की तुम्ही त्याला पाठवलेले शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात, कारण आता घेणाऱ्यानेच ते स्वतःहून पुढे दिलेले असतात. त्यामुळे कुलूप आहे म्हणून काहीच दिसत नाही असंही नाही.

## मग मी दिवाळीला तीनशे जणांना शुभेच्छा पाठवतो, माझा नंबर का नाही बंद होत?

हा प्रश्न सगळे विचारतात, आणि खरं सांगायचं तर ह्याच्या उत्तरातच सगळं आलं. तुमच्या त्या तीनशे जणांपैकी बहुतेकांच्या फोनमध्ये तुमचं नाव सेव्ह आहे. त्यातले निम्मे तरी तुम्हालाही शुभ दीपावली म्हणून उलट पाठवतात. तुमच्या जुन्या चॅट आहेत. ब्लॉक कोणी करत नाही, फार तर बघून सोडून देतात.

आता काकूंच्या यादीतल्या वरच्या चारशे जणांचा विचार करा. त्यांच्या फोनवर काय दिसलं? एक अनोळखी नंबर, आणि अनोळखी नंबरवरून पहिला मेसेज आला की व्हॉट्सॲप स्वतःच त्या चॅटमध्ये ब्लॉक करायचं आणि रिपोर्ट करायचं बटण समोर आणून ठेवतं. शोधायलाही जावं लागत नाही. रात्री दहाला कोणीतरी चकलीचे भाव पाठवतंय, हा नंबर कोणी दिला माहीत नाही, माणूस काय करणार? एका टचमध्ये ब्लॉक. त्यात वाईट असं काही नाही, मीही तेच करतो.

म्हणजे मशीनला दिसलं ते असं: एकसारखी पाकिटं, ठरावीक अंतराने, टाइप न करता, बहुतेक अशा लोकांना ज्यांच्याकडे हा नंबर नाही, उत्तरं तुरळक, ब्लॉक धडाधड. फ्रॉड करणारा माणूसही नेमका असाच दिसतो. नंबर आठ वर्षांचा जुना होता, पण एवढी सगळी लक्षणं एकदम आली की जुनेपणा फार वेळ वाचवू शकत नाही.

मला वाटतं लोक आकड्याच्याच मागे लागतात, दिवसाला किती पाठवले तर चालतील, पन्नास का दोनशे. असा एक पक्का आकडा ॲपसाठी कंपनीने जाहीर केलेला नाही, आणि जो कोणी तुम्हाला व्हिडिओमध्ये छातीठोकपणे आकडा सांगतो तो स्वतःच्या मनाने सांगतोय. चाळीस अनोळखी लोकांना पाठवलेला मेसेज तीनशे ओळखीच्यांना पाठवलेल्यापेक्षा जास्त धोक्याचा असू शकतो.

## तीन सेकंदांच्या ऐवजी तीस सेकंद ठेवले असते तर?

भाच्याचंही हेच म्हणणं होतं की अंतर कमी पडलं. ही एक्स्टेन्शनं विकणारेही हेच सांगतात, रँडम अंतर ठेवा, प्रत्येक मेसेजमध्ये नाव बदला, एखादं टिंब पुढेमागे करा म्हणजे मेसेज वेगळा वाटतो. माझं स्पष्ट मत आहे की ह्याच्या नादी लागू नका, आणि त्याला कारणं आहेत.

वेग हे अनेक लक्षणांपैकी फक्त एक आहे. अंतर वाढवून तुम्ही वेग लपवलात, पण अनोळखी चारशे लोक अनोळखीच राहिले. त्यांचे ब्लॉक तेवढेच येणार, फक्त पंधरा-वीस मिनिटांच्या ऐवजी तीन तासांत. तीस सेकंदांच्या अंतराने नंबर बंद पडला तर तो कदाचित थोडा उशिरा बंद पडेल, एवढाच फरक.

दुसरं, वापराच्या अटींमध्येच एकगठ्ठा मेसेज, आपोआप मेसेज आणि मशीनने ॲप चालवणं ह्याला स्पष्ट मनाई आहे. तुम्ही नवीन ॲप टाकताना Agree दाबता तेव्हा हे मान्य केलेलं असतं. म्हणजे नंतर अपील करताना माझं चुकलं नाही हे म्हणायलाही जागा राहत नाही. आणि ७ डिसेंबर २०१९ पासून तर एकगठ्ठा मेसेजचा धंदा करणाऱ्यांवर आणि त्यांना मदत करणाऱ्यांवर कायदेशीर कारवाई करायचा अधिकारही कंपनीने सांगून ठेवलाय.

तिसरं जास्त महत्त्वाचं आहे आणि त्याकडे कोणी बघतच नाही. एक्स्टेन्शन टाकताना ते परवानगी मागतं, व्हॉट्सॲप वेबच्या पानावर जे दिसतं ते वाचायची आणि बदलायची. आपण हो म्हणतो. आता एन्क्रिप्शन कुठे गेलं? मधल्या रस्त्यात कोणी वाचू शकत नाही हे खरं, पण तुमच्याच कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर बसलेला प्रोग्रॅम सगळं वाचू शकतो, गिऱ्हाइकांचे पत्ते, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट, घरच्या गप्पा. कोणी बनवलंय ते माहीत नाही आणि आपण घराची किल्ली दिली.

जीबी व्हॉट्सॲप, व्हॉट्सॲप प्लस अशी जी नकली ॲप असतात त्यांचंही तेच. त्यात सुरुवातीला बऱ्याचदा तात्पुरती बंदी येते, स्क्रीनवर उलटा टायमर दिसतो आणि अधिकृत ॲपवर यायला सांगतात. हा टायमर दिसला तर समजा सुटलात, नकली ॲप काढा आणि परत तिकडे जाऊ नका.

## नवीन सिम घेऊन टाकलं तर?

हे तर उलटच पडतं. नवीन नंबरला इतिहास नाही, कोणाकडे सेव्ह नाही, कोणाशी जुनी चॅट नाही, आणि पहिल्याच दिवशी शेकडो मेसेज. वर पंधरा सेकंद आणि शंभर मेसेजचं उदाहरण दिलं ना, ते अशाच अकाउंटचं आहे. शिवाय रजिस्टर करताना कुठल्या नेटवर्कवरून करताय, तिथून आधी काही गडबड झाली होती का हेही ते बघतात. एक नंबर बंद झाल्याबरोबर त्याच वायफायवरून दुसरा चालू करून तीच यादी, तोच फोटो पाठवायला घेतला तर दुसराही जायची भीती खरीच आहे.

## मग पाठवायचं कसं? आधी यादी, नंतर मेसेज

काकूंचं काम परत नीट बसवलं ते असं.

एक्स्टेन्शन काढलं, कॉम्प्युटरवरची जोडणी तोडली. मग ती सहाशेची यादी उघडून एकच प्रश्न विचारला, ह्या माणसाने काकूंना स्वतःहून कधी नंबर दिला होता का? लग्नाच्या ग्रुपवाले गेले, डिरेक्टरीवाले गेले, वर्गणीवाले तर जायलाच हवे होते, त्यांनी नंबर गणपतीसाठी दिला होता, चकलीसाठी नाही. उरले ते दोनशेच्या आसपासचे जुने गिऱ्हाईक. काकूंना वाईट वाटलं की यादी एवढीशी झाली, पण ऑर्डर देणारेही तेच होते आणि ब्लॉक न करणारेही तेच.

ह्या दोनशे लोकांसाठी एक्स्टेन्शनची गरजच नव्हती. व्हॉट्सॲपमध्ये ब्रॉडकास्ट लिस्ट असते. एका लिस्टमध्ये २५६ पर्यंत माणसं बसतात, एकदाच लिहायचं आणि प्रत्येकाला तो स्वतंत्र मेसेज म्हणून जातो, ग्रुपसारखा सगळ्यांना सगळे दिसत नाहीत, उत्तर आलं तर फक्त काकूंना दिसतं. आणि ह्यात एक अट आहे जिच्यावर लोक चिडतात: ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यालाच तो मेसेज पोचतो. बाकीच्यांना जातच नाही. लोकांना वाटतं ही खराबी आहे, ही तर तुम्हाला वाचवणारी गोष्ट आहे, कारण जो माणूस तुम्हाला ओळखत नाही त्याच्यापर्यंत तुम्ही पोचतच नाही म्हणजे त्याने ब्लॉक करायचा प्रश्नच नाही.

म्हणून खरं काम होतं नंबर सेव्ह करवून घेणं. ते मेसेजने नाही केलं. घरी डबा न्यायला जे येतात त्यांना काकू तोंडी सांगायला लागल्या, भाऊ नंबर सेव्ह करा म्हणजे पुढच्या वेळी भाव तुम्हाला आपोआप येतील. आणि डब्यावर चिकटवायच्या लेबलवर एक क्यूआर कोड छापला. तो ज्या लिंकचा असतो ती अशी दिसते:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Faral
```

91 च्या पुढे तुमचा दहा आकडी नंबर, अधिकचं चिन्ह नाही, शून्य नाही, मधे जागा नाही. कोणी स्कॅन केलं की त्याच्या फोनवर तुमची चॅट उघडते आणि Faral हा शब्द आधीच लिहिलेला असतो, त्याने फक्त पाठवायचं. आता पहिला मेसेज कोणी केला? गिऱ्हाइकाने. तुम्ही उत्तर देताय. मशीनच्या नजरेत आणि माणसाच्या नजरेतही ही अगदी वेगळी गोष्ट आहे. एखाद्या अनोळखी माणसापर्यंत पोचायचंच असेल तर हा रस्ता, लिंक आणि क्यूआर दुकानात लावा, पत्रकावर छापा, ओळखीच्यांच्या स्टेटसवर टाकायला सांगा, पण मेसेज त्याला करू दे.

पाठवतानाही काकू सगळ्या दोनशेंना एका दिवशी पाठवत नाहीत. आधी दरवर्षी घेणारे, दोन-तीन दिवसांनी बाकीचे. आणि मेसेजच्या शेवटी एक ओळ असते, भाव नको असतील तर फक्त नको लिहून पाठवा, यादीतून काढते. आणि खरंच काढतात, त्याच दिवशी. ही ओळ दिसायला किरकोळ आहे पण ज्याला कंटाळा आलाय त्याला ब्लॉकच्या बटणाशिवाय दुसरा दरवाजा मिळतो, आणि नको असं लिहून आलेलं उत्तर हेसुद्धा उत्तरच असतं.

## मग आपोआप काहीच करायचं नाही का?

करा की, पण ॲपमध्ये जे दिलंय ते वापरा. व्हॉट्सॲप बिझनेस हे वेगळं ॲप फुकट मिळतं, त्यात पहिल्यांदा मेसेज करणाऱ्याला आपोआप जाणारं स्वागताचं उत्तर ठेवता येतं, दुकान बंद असताना जाणारं उत्तर ठेवता येतं, पुन्हा पुन्हा लिहावी लागणारी उत्तरं छोट्या शब्दावर साठवता येतात, मालाची यादी फोटो आणि भावासकट टाकता येते. चकली काय भाव, हे दिवसातून तीस वेळा टाइप करायचा त्रास ह्याने जातो. आणि ह्यात धोका नाही कारण समोरच्याने विचारल्यावरच ते जातं.

स्टेटस टाका. चॅनेल काढा, २०२३ पासून भारतात चॅनेल आहेत, ज्याला हवं तो फॉलो करतो, किती का लोक असेनात, त्यांचे नंबर तुम्हाला लागत नाहीत आणि तुम्ही कोणाच्या इनबॉक्समध्ये घुसत नाही. ग्रुपचं मात्र जपून. न विचारता दोनशे लोकांना ग्रुपमध्ये ओढायचं हेही त्याच लक्षणांत मोडतं, एकदम खूप ग्रुप बनवणं आणि धडाधड लोक जोडणं ह्याचा उल्लेख त्या २०१९ च्या पेपरमध्येही होता. ग्रुपची लिंक द्या, ज्याला यायचं तो येईल.

## पण मला बँकेचे, दवाखान्याचे मेसेज येतात, ते तर लाखो लोकांना पाठवतात!

हो, आणि ते फोनवरच्या ॲपवरून पाठवत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा पैसे भरायचा रस्ता आहे, त्याला बिझनेस एपीआय म्हणतात, म्हणजे कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर सरळ व्हॉट्सॲपशी परवानगीने जोडणं. तिथे मशीनने पाठवणं हा गुन्हा नाही, तेच काम आहे. पण नियम कडक आहेत. ग्राहकाने आधी हो म्हटलेलं असायला हवं. स्वतःहून पाठवायचा मेसेज आधी साच्यात लिहून मंजूर करून घ्यावा लागतो. ग्राहकाने तुम्हाला मेसेज केला तर तेव्हापासून २४ तास तुम्ही त्याच्याशी मोकळं बोलू शकता, ते संपले की परत मंजूर साचाच. जाहिरातीच्या प्रत्येक मेसेजचे पैसे पडतात, वर मधल्या एजन्सीचे वेगळे.

आणि तिथेही नव्या धंद्याला एकदम लाखभर लोकांना पाठवू देत नाहीत. सुरुवात २४ तासांत २५० वेगवेगळ्या लोकांपासून होते, आणि लोक ब्लॉक करत नाहीत असं दिसलं तर मर्यादा वाढत जाते. लोकांची नाराजी वाढली तर दर्जा हिरव्यावरून पिवळा, पिवळ्यावरून लाल होतो. म्हणजे पैसे देऊनसुद्धा तपासणी तीच आहे, माणसाला हवं होतं का.

काकूंना ह्याची गरज नाही, दोनशे गिऱ्हाइकांना ब्रॉडकास्ट पुरतं. पण तुमचा क्लास असेल आणि हजार पालकांना फीची आठवण द्यायची असेल, किंवा पॅथॉलॉजी लॅब असेल आणि रोज रिपोर्ट पाठवायचे असतील, तर एक्स्टेन्शनवर पैसे घालवण्यापेक्षा सरळ हा रस्ता धरा.

कोणी म्हणेल मग एसएमएस बरा. तिथेही ट्रायच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे आधी नोंदणी लागते, पाठवणाऱ्याचं नाव आणि मेसेजचा साचा दोन्ही मंजूर करून घ्यावे लागतात. एकगठ्ठा पाठवायला आता कुठेच रान मोकळं नाही.

## नंबर बंद झालाच तर

ॲप काढून टाकू नका. बहुतेक जण पहिलं हेच करतात आणि मग फोनमधल्या चॅटचा बॅकअप गोंधळात जातो. फोनही रीसेट करू नका. बंदीच्या त्याच स्क्रीनवर Request a review असं बटण असतं, ते दाबलं की एसएमएसवर सहा आकडी कोड येतो, तो टाकायचा आणि पुढे आपलं म्हणणं लिहायचं. लिहिताना खरं लिहा. काकूंकडून लिहून घेतलं ते एवढंच होतं, की ह्या नंबरवरून मी घरगुती फराळाच्या ऑर्डरी घेते, नातेवाइकाने बाहेरचं एक्स्टेन्शन वापरून एकगठ्ठा मेसेज पाठवले, ते काढून टाकलं आहे, पुढे फक्त ॲपमधून आणि ओळखीच्या ग्राहकांनाच पाठवेन. मी काहीच केलं नाही असं लिहून उपयोग नाही, त्यांच्याकडे किती मेसेज गेले ते दिसतंच. आणि एकदा पाठवल्यावर थांबा, दर तासाला परत परत पाठवल्याने काम लवकर होत नाही.

काकूंचा नंबर परत सुरू झाला. पण सगळ्यांचा होतोच असं नाही, आणि दुसऱ्यांदा तेच केलं तर आशा फारच कमी.

रिव्ह्यू नाकारला तर अजून दोन पायऱ्या आहेत आणि त्या फार थोड्यांना माहीत असतात. आयटी नियमांप्रमाणे कंपनीला भारतात तक्रार अधिकारी ठेवावा लागतो, त्याच्याकडे तक्रार केली की २४ तासांत पोच आणि ७ दिवसांत निकाल द्यायचा असतो. तो निकाल पटला नाही तर सरकारने नेमलेली तक्रार अपील समिती आहे, तिच्याकडे gac.gov.in वर ऑनलाइन अपील करता येतं, वकील लागत नाही, फक्त अधिकाऱ्याचं उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत करायचं. त्यासाठी बंदीच्या स्क्रीनचा फोटो, रिव्ह्यू पाठवल्याची तारीख आणि आलेलं उत्तर, हे तिन्ही पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.

आणि हे सगळं चालू असताना धंदा थांबू नये म्हणून ऑर्डरी आधीपासूनच वहीत किंवा एक्सेलमध्ये लिहिलेल्या असायला हव्यात, नाव, नंबर, काय माल, किती आगाऊ दिले. नंबर बंद असतानाही साधा फोन चालतो, सिम तर चालूच असतं. काकूंनी त्या तीन-चार दिवसांत लक्षात होत्या तेवढ्या लोकांना फोन करून ऑर्डरी परत लिहून घेतल्या, बाकीच्या चॅट उघडल्यावर सापडल्या, आणि त्यातली दोन घरं तोपर्यंत दुसरीकडून फराळ घेऊन मोकळी झाली होती.